सेन्सर फॉल्टचं रशियन नाव

अनवरीला रशियन येत होतं, आणि गारखेड्यातल्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. रशियन चालणाऱ्या बिश्केक शहरात डॉक्टर व्हायला गेलेली ही कन्नड तालुक्यातली पोरगी वडील आजारी पडल्यामुळे अर्ध्यावरच परत आली. डॉक्टरकी राहिली, भाषा तेवढी हाताशी उरली. बद्रीनाथ सरांचं ऑफिस शीतगृहं चालवणारं सॉफ्टवेअर बनवायचं. बिश्केकचं एक सफरचंदांचं शीतगृह गिऱ्हाईक म्हणून मिळालं तेव्हा सरांनी मॅन्युअल आणि एरर मेसेज, दोन्ही रशियनमधे करायला तिच्या पदरात टाकले.

कुठले शब्द इंग्रजी लिपीत ठेवायचे, यावर तिचं आणि प्रोग्रामर गयासचं रोज वाजायचं. 'एपीआय' तसाच राहील, यावर दोघांचं एकमत होतं. 'टाइमआउट' रशियन अक्षरांत लिहायचा, कारण तिकडचे लोक तसाच लिहितात, हेही त्यानं ऐकलं. अडलं ते एररच्या नावांवर. मेसेजच्या सुरुवातीला इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'सेन्सर फॉल्ट', दोन शब्दांमधे खालची रेघ, आणि पुढं रशियन वाक्य. अनवरीला ते भातातल्या खड्यासारखं दाताखाली यायचं.

"नाव हाय ते," गयास म्हणाला. "गिऱ्हाइकांचे छोटे प्रोग्राम, त्या स्क्रिप्टा, लॉगमधे, म्हंजी यंत्राच्या नोंदवहीत, हेच नाव शोधत्यात. हात नको लावू."

"गयासभाई, वाचणारा माणूस असतो. त्याला त्याच्या भाषेत कळू द्या की."

सरांनी तिची बाजू घेतली. गयासनं मान डोलावली, एवढंच बजावलं, "मग मॅन्युअलमधी बी तेच नाव टाक. दोन्हीकडं एकच पायजे."

"उद्या टाकते," ती म्हणाली. त्या उद्याला मोठ्या बहिणीच्या सासरचे जेवायला आले, परवा दुसरंच काम आलं, आणि मेसेज नव्या रशियन नावांनी गिऱ्हाइकाकडं गेले. मॅन्युअल जुन्याच नावांचं राहिलं. गयासनं सगळं तपासलं खरं, पण इंग्रजीत. रशियन चालू करून बघायचं तर अनवरीला शेजारी बसवावं लागलं असतं, आणि तेव्हा दोघांत अबोला होता.

थंडीत बिश्केकहून मेल आला. एका खोलीतला सेन्सर बिघडला, थंड हवा चालूच राहिली आणि सफरचंदं गोठून गेली. असं झालं की तिथल्या प्रोग्रामर गुल्नाराची स्क्रिप्ट थंड हवेचा वॉल्व्ह आपोआप बंद करणार होती, पण स्क्रिप्टनं तो केलाच नाही. मॅनेजर विचारत होता, दोष सॉफ्टवेअरचा की आमच्या बाईचा? स्क्रिप्ट सोबत जोडलेली होती.

अनवरीनं ती उघडली. गुल्नारा लॉगमधे मॅन्युअलमधलंच नाव शोधत होती, अक्षर न अक्षर तेच. लॉगमधे मात्र अनवरीचं सुंदर रशियन नाव उमटत होतं.

"आपलं मॅन्युअल बरोबर हाय ना?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

मॅन्युअलचं भाषांतर बरोबरच होतं. तेवढ्या आडोशाला ती उभी राहिली, आणि तिची तिलाच लाज वाटली. सरांनी सरळ मनानं सांगितलं, "लिही मग, सूचना मॅन्युअलमधी साफ दिल्यात, तुमची स्क्रिप्ट तपासा." तिनं ते नीट, अदबीच्या रशियनमधे लिहिलं आणि पाठवलं. खोटं इतकं स्वच्छ तिला कधी लिहिता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गुल्नाराचा मेल आला, कंपनीच्या नाही, स्वतःच्या पत्त्यावरून, थेट अनवरीच्या नावानं. "तुमचे मेसेज वाचून वाटायचं, हे यंत्र आमच्याशी बोलतं. माझी चूक कुठं झाली तेवढं दाखवाल का? नाव मी तुमच्या मॅन्युअलमधूनच उचललं होतं. पुन्हा चुकायचं नाही मला."

अनवरी उठली ती थेट सरांच्या टेबलापाशी. गयास तिथंच चहा घेत होता.

"सर, त्या बाईची चूक नाय. नावं मी बदलली आणि मॅन्युअल तसंच ठेवलं. तुम्ही विचारलं तेव्हा मला म्हाईत होतं."

गयासनं कप खाली ठेवला. "रशियन लावून बघायला पायजे होतं मी बी," तो म्हणाला. "चल, नावं पहिल्यासारखी करू."

"आधी तिकडं लिही," सर म्हणाले. "जसं हाय तसं."

तिनं मॅनेजरला सगळं लिहिलं. नावं आमच्याकडून बदलली गेली, मॅन्युअल जुनं राहिलं, तुमच्या प्रोग्रामरचं काम चोख होतं. संध्याकाळपर्यंत गयासनं आणि तिनं मिळून एकेका एररचं नाव पुन्हा इंग्रजी लिपीत आणलं, आणि या वेळी रशियन चालू करून शेजारी बसून तपासलं.

उत्तर सकाळी आलं. मॅनेजरनं आभार मानले होते. गुल्नाराला तुमच्या पहिल्या पत्रानंतर लगेच काढलं, तिच्या जागी नवा माणूस आलाय, मॅन्युअल त्याच्या नावानं पाठवा, असं लिहिलं होतं.

"काय म्हणतायत?" सरांनी विचारलं. ऑफिसात वाचता येणारी ती एकटीच होती.

अनवरीनं ते मोठ्यानं, एकही शब्द न गाळता, मराठीत वाचून दाखवलं.