पाच बोटं

मेजर तुदोसेने कागद टेबलावर टाकला आणि सूर्यफुलाच्या बिया सोलायला बसला. साबिन ओर्गिदानने चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि दुसऱ्याच ओळीवर त्याची नजर अडली.

टाइप केलेल्या अक्षरांच्या अकरा-बारा ओळी होत्या. शब्द एकही नाही. मांजर कळांवरून चालत गेलं असावं असा प्रकार.

"सहकारी कारखान्याच्या हिशेब खात्यातली टंकलेखिका," मेजर म्हणाला. "स्मरांदा कोणीतरी. पोलिसी नोंदीसाठी तिच्या टाइपरायटरच्या अक्षरांचा वार्षिक नमुना घ्यायला आमचा माणूस गेला, तर टोपलीत हे. बाई म्हणते, नवी रिबन घातली होती, चालते का बघायला वाटेल तशी बोटं बडवली. मला पटत नाही. तुझं काय?"

"बघतो, कॉम्रेड मेजर."

बघायचं काय त्यात? साबिनने ते केव्हाच बघितलं होतं. गुप्त पोलिसांसाठी लोकांची पत्रं फोडून त्यातली लपवाछपवी शोधण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण हे ओळखायला त्या आयुष्याची गरजच नव्हती, कारण ही लिपी त्यानेच शिकवली होती.

स्मरांदा त्याची धर्मकन्या. पार्टीच्या माणसाने चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम असताना साबिनने लांबच्या खेड्यातल्या चर्चमध्ये, एका मित्राच्या पोरीला हातावर धरून तिचं नाव ठेवलं होतं. कुठल्याही फायलीत ते नव्हतं. मित्र आणि त्याची बायको अपघातात गेल्यावर पोर मावशीकडे वाढली, पण सुट्टीत ती साबिनकडे यायची आणि त्याला 'नाशुले' म्हणायची, म्हणजे आपल्या धर्मपित्याला मारायची हाक. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. पावसाळी दुपारी तो तिला शिकवायचा: एका हाताची पाच बोटं. प्रत्येक अक्षर पाच घरं पुढे सरकवायचं. ए असेल तिथे एफ, ई असेल तिथे जे, आय असेल तिथे एन. झेड आलं की पुन्हा पहिल्यापासून. पोर इतकी तरबेज झाली की लिहिताना थांबायचीच नाही. आणि साबिन हसायचा, मूर्ख म्हातारा!

आता त्याच अक्षरांत लिहिलं होतं की रविवारी, अंधार पडल्यावर, जुन्या दगडी खाणीखाली भेटायचं. नदीपलीकडे युगोस्लाव्हिया. रबरी ट्यूब कोण आणणार आणि गडद कपडे घालायचे, तेही होतं. या काठावरून पाण्यात उतरलेल्यांवर गोळी चालते, हे या गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. आणि उतरायच्या आधीच पकडले गेले तर तुरुंग. स्मरांदासकट चौघांना.

"काय, दिसतंय काही?" मेजरने सालं थुंकली.

"कचरा वाटतो."

"वाटतो?" मेजरने भुवई चढवली. "एक सांगू का, मी रात्री मोजलं. मूर्ख नाही रे मी, दिसतो तसा! एफ सगळ्यात जास्त. मग जे, मग एन. सगळी अक्षरं सारखी का नाहीत? भाषेतच काही अक्षरं जास्त येतात, आणि सरकवली तरी तेवढीच येतात. नुसती नावं बदलतात. हे तूच मला शिकवलंस."

खरं होतं ते. सरकवलेल्या लिपीची मेखच तिथे. वेश बदलतो, चाल बदलत नाही. ए सगळ्यात जास्त असला तर त्याच्या जागी बसलेला एफही सगळ्यात जास्त. शिवाय शक्यता फक्त पंचवीस. एकामागून एक करून पाहिल्या तरी तासाभरात उलगडा. मेजरने अजून करून पाहिल्या नव्हत्या, एवढंच. त्याला मोजायला आवडायचं, पुढचं काम साबिनचं असं तो मानत होता.

साबिन घाबरला होता. पण डोकं चाललं, आणि घाबरलेल्या माणसाचं डोकं कधीकधी भलतंच चालतं.

"मशीन डोळ्यांपुढे आणा, कॉम्रेड मेजर. एफ आणि जे कुठे असतात? मधल्या ओळीत, दोन्ही तर्जन्यांच्या बरोबर खाली. एन जेच्या जरा खाली, त्याच उजव्या तर्जनीचा. टंकलेखिका बोटं ठेवते तिथेच बडवते. वाटेल तसं टाइप केलेलंही सारखं पसरत नाही. माणूस म्हणजे काही सोडतीचं मडकं नव्हे. बोटं जिथे पडायला सोपी, तिथेच पडतात."

मेजर थांबला. हे त्याला सुचलं नव्हतं. साबिनला वाटलं, सुटलो.

"बरं," मेजर म्हणाला. "मग डी कुठे आहे?"

साबिनने कागदाकडे पाहिलं. बघायची गरज नव्हती.

"एफला चिकटून डी," मेजर म्हणाला. "एफ बडवताना डी कधीच लागत नाही? अख्ख्या कागदात एकही नाही. मी स्वतः मघाशी बडवून बघितलं, मला तर पंधरा डी आले."

माणूस खरंच मूर्ख नव्हता. डी म्हणजे मूळचं वाय, आणि त्यांच्या भाषेत वाय जवळपास येतच नाही. म्हणून कागदावर ते भोक. बोटं कळांवर फिरली असती तर शेजारी शेजाऱ्याला लागला असता. इथे क्यूनंतर एफ पुन्हापुन्हा येत होता, कळांवर एकमेकांपासून लांब असलेले दोघे, कारण त्यांच्या भाषेतला 'ला', म्हणजे 'कडे', हा एल-एचा शब्द पुन्हापुन्हा येत होता. हे अजून मेजरला दिसलं नव्हतं, इतकंच.

"कळ अडकत असेल," साबिन म्हणाला.

"मशीन आणलंय." मेजर उठला आणि दार उघडून ओरडला, "बाईला आत आणा. आणि ते यंत्र!"

स्मरांदा आत आली. अंगावर कामावरचा निळा झगा, केस घाईत बांधलेले. साबिनला पाहिलं आणि तिने लगेच नजर जमिनीकडे वळवली.

मेजरने यंत्रावर डीची कळ दाबली. टक. पुन्हा टक. स्वच्छ, काळंभोर डी.

"अडकत नाही," मेजर म्हणाला आणि साबिनकडे पाहिलं. ते पाहणं साबिनला सहन होईना. "बस, पोरी. रिबन तपासताना जशी बोटं बडवलीस, तशीच बडव. दोन ओळी. विचार करायचा नाही. आम्ही दोघं तुलना करतो. हा आमचा अक्षरांचा पंडित, याच्या नजरेतून काही सुटत नाही."

साबिनला ओरडून सांगावंसं वाटलं, नुसतं बडव, पोरी, मांजरासारखं बडव! पण तसं केलं तर डी येईल, शेजारी शेजाऱ्याला लागेल, आणि दोन कागद एकमेकांपासून इतके वेगळे दिसतील की मेजरला मोजायचीही गरज पडणार नाही. आणि नाही बडवलं तर? दोन्हीकडे विहीर.

स्मरांदाने कागद चढवला. एक क्षण तिने त्याच्याकडे पाहिलं. मग बोटं सुरू झाली, न थांबता, न अडखळता, जागोजागी उगाच जागा सोडत.

साबिन तिच्या खांद्यावरून वाचत होता. एस, एफ, एक्स, झेड, क्यू, जे.

नाशुले.

ती लिहीत राहिली, त्या पावसाळी दुपारच्या पाच बोटांनी, मेजरच्या नाकासमोर. "नाशुले, त्यांना सगळं सांगून टाका. तुम्ही सुटा. मला भीती वाटत नाही."

खोटं होतं ते शेवटचं. भीतीने तिची मान ओली झाली होती.

मेजरने कागद ओढून घेतला आणि जुन्याशेजारी ठेवला. नख ओळींवरून फिरवत गेला.

"एफ," तो पुटपुटला. "जे. एफ. जे. अरे, पुन्हा तेच." मग त्याची भुवई वर गेली. "दोन्ही कागदांवर डी नाही. ई पण नाही. सी पण नाही."

साबिनच्या डोक्यात काहीतरी उजळलं. डी, ई, सी. तिन्ही कळा एकाच बोटाच्या. त्या म्हणजे मूळची वाय, झेड आणि एक्स, भाषेतली दुर्मीळ अक्षरं. पोरीला हे ठाऊक असणार नाही, त्याला आत्ताच कळलं.

"डावं मधलं बोट," तो म्हणाला. "तिन्ही कळा त्याच बोटाच्या, कॉम्रेड मेजर. बाईचं ते बोट चालत नाही."

स्मरांदाने श्वासभरही उशीर केला नाही. तिने डावा हात वर धरला, मधलं बोट आकड्यासारखं वाकडं. "लहानपणी दारात चेंगरलं, साहेब. कामावर असताना मी तर्जनी सरकवून भागवते. नुसतं बडवताना ते वरच राहतं."

"मग तुला टंकलेखिका कोणी केलं?" मेजर हसला, मोठ्याने, त्याला स्वतःचीच मजा वाटली. "मोडक्या बोटाची टंकलेखिका! आणि मी रात्र घालवली मोजण्यात. जा, जा. आणि पुढच्या वेळी टोपलीत टाकण्याआधी फाडून टाक, डोकं खाऊ नकोस लोकांचं."

ती गेली. दारातून वळूनही पाहिलं नाही. त्या दोन ओळींत तिने त्याला सांगितलं होतं, तुम्ही स्वतःला वाचवा, आणि तेच शब्द तिच्या सुटकेचा पुरावा झाले. साबिनला रडू येत होतं आणि हसूही. दोन्ही गिळून तो उभा राहिला.

"दोन्ही कागदांवर लिही," मेजर म्हणाला. "'अर्थहीन टंकन, अक्षरांची मांडणी हाताच्या सवयीमुळे.' आणि सही. सोमवारच्या थैलीतून राजधानीला जातील. त्यांच्याकडे नवीन पोरं शिकायला आली आहेत, त्यांना नमुना म्हणून. खरा कचरा कसा दिसतो ते बघू देत."

साबिनचा हात लेखणीवर थांबला. नवीन पोरं. पहिल्याच तासाला शिकवणारा सांगेल, अक्षरं मोजा, सगळ्यात जास्त कोणतं ते शोधा, मग ते ए धरून तितकी घरं मागे जा. दुपारच्या जेवणाआधी वाचून होईल. दुसऱ्या कागदावरची पहिली हाक कोणासाठी आहे, तेही कोणीतरी विचारेल, आणि त्याखाली सही असेल त्याचीच.

सोमवार. आणि त्याआधी रविवार, रात्रीपर्यंत चौघं नदीपार.

"खात्री आहे ना?" मेजर बिया खात म्हणाला.

"हो, कॉम्रेड मेजर. कचरा आहे."

त्याने सही केली, नेहमीसारखी, झोकदार. मग बाहेर पडला, बाजारातून चेरी घ्याव्यात असं वाटलं, पण नुसताच घरी आला. खाटेखालची जुनी पत्र्याची पेटी ओढली. जून संपत आला होता, खिडकी उघडी होती आणि नदीकडून गरम वारा येत होता. साबिनने कपाटातून कोठडीतल्या हिवाळ्यासाठी लोकरीचे पायमोजे काढले, एक जोड, मग दुसरी, आणि पेटीत तळाशी ठेवले.