साडेबाराशे

वारंगलच्या पेपर तपासणी केंद्रात अरुंधती मॅडम सकाळपासून धुमसत होत्या. अर्थशास्त्राचा प्रश्न होता: हजाराची ठेव, वीस टक्के राखीव, बाकीचे कर्जाऊ जाऊन पुन्हा कुठल्यातरी बँकेत ठेव म्हणून येणार, तर शेवटी सगळ्या बँकांत मिळून ठेवी किती? हजाराला ०.२ ने भागायचं, की पाच हजार. पण गठ्ठ्यातली पोरं राखून ठेवायच्या वीसऐवजी कर्जाऊ द्यायच्या ऐंशी टक्क्यांनी भागून साडेबाराशे काढत होती.

"कुठल्या गाढवाने शिकवलंय हे? पोरांचं वाटोळं केलं," असं म्हणत त्यांनी एक पेपर शेजारच्या नरसिंहम सरांपुढे टाकला.

निवृत्तीला आलेल्या सरांनी तो वाचला. "मी लिहिलेल्या गाइडात असंच आहे," ते हळूच म्हणाले. "चुकलंय?"

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "सर, ताळा करून बघा. एकूण ठेवींचे वीस टक्के काढले की मूळचे हजारच राखीव भरायला हवेत. साडेबाराशेचे अडीचशेच होतात."

सरांनी कडेला आकडेमोड केली. मग त्यांचं बोट पेपरवरच्या एका खोडलेल्या ओळीवर थांबलं. पोरीने आधी पाच हजारच लिहिले होते. खाली होतं, "गाइडप्रमाणे १२५०."

"हिला काय देणार?" सरांनी विचारलं.

"खोडलेल्याला मार्क नसतात, सर."