चांदीच्या शेवटच्या दोन कुप्या

मोठ्या सरांच्या दवाखान्याच्या काचेवर तीन वर्षांपूर्वी हिरव्या अक्षरांत लिहिलं गेलं, ‘संपूर्ण पारामुक्त दंतसेवा’. त्या दिवसापासून सर पाऱ्याचं नाव असं घेऊ लागले, जणू तो त्यांच्या मेव्हण्याने आणून घातला होता. त्याआधीची तेवीस वर्षं त्यांनी गावभर लोकांच्या दाढांत तोच पारा भरला होता, पण माणसाला उपरती कधीही होऊ शकते. विशेषतः उपरतीचे पैसे मिळत असतील तर लवकर होते.

मदतनीस मावशी या दवाखान्यात अठरा वर्षं होत्या. दवाखान्यातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक चिमटा आणि सरांची प्रत्येक लहर त्यांना ठाऊक होती. पाऱ्याच्या भरणीला सगळे चांदी म्हणत; ती जुनी चांदी उपसण्याचा सरांचा कार्यक्रम त्या रोज पाहत. धडधाकट, न हलणारी, वीस वर्षं निमूट चावत आलेली भरणी सर कोरून काढत आणि पेशंटला म्हणत, “तुमच्या तोंडातून विष काढलं बघा!” पेशंटच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते कृतज्ञतेचं की भूल उतरल्याचं, हे मावशींना कधीच कळलं नाही.

“सर, ही भरणी हलतही नव्हती,” एकदा धाकट्या डॉक्टर म्हणाल्या होत्या. धाकट्या डॉक्टर म्हणजे सरांची सून. घरी ती त्यांना बाबा म्हणे, दवाखान्यात सर, आणि भांडताना दोन्ही विसरे. “अख्खी भरणी उगाच उकरली तर तेवढ्यापुरती वाफ जास्तच सुटते. आणि दाताची भिंतही पातळ होते. ती तशीच ठेवायची असते.”

“लोकांना भीती वाटते.”

“ती तुम्हीच घातलीय!”

“मग काढायलाही मीच नको का?” सर म्हणाले. सुनांना सासऱ्यांना द्यायची उत्तरं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सुचतात.

कोरताना सरांच्या तोंडावर काळ्या गाळणीचा जाड मास्क असे. मावशींना पाकिटातला कागदी मास्क. “धूळ अडते ना त्याने,” सर म्हणत. धूळ अडायची खरी. पाऱ्याच्या वाफेला मात्र कागदाचं वावडं नव्हतं. तोंडातली वाफ आणि पाणी ओढून घेणारा मोठा पाइप बिघडून दीड वर्ष झालं होतं आणि पाण्याचा फवारा सर बंद ठेवत, कारण त्यांच्या चष्म्यावर उडतो.

पण ही गोष्ट मावशींच्या फुप्फुसांची नाही, त्यांच्या आईच्या दाढेची आहे.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. खालच्या जबड्यात तिच्या मालकीचं उरलं होतं ते उजवीकडची एक शेवटची दाढ आणि पुढचे चार दात. कवळीची तार त्या दाढेला अडकत असे. दाढ राहिली तर कवळी राहील, कवळी राहिली तर भाकरी राहील, असा साधा हिशेब. त्याच दाढेला मागच्या अंगाला कीड लागली होती, हिरडीच्या खाली उतरलेली. आईचे हात थरथरत, मान स्थिर राहत नसे, लाळ भरभर साठे आणि जीभ प्रत्येक उपकरणाला पाहुण्यासारखी भेटायला येई. पहिल्यांदा सिमेंट भरलं, ते तारेच्या घासणीने झिजलं. मग पांढरं कंपोझिट भरलं. ते कोरड्या जागेलाच चिकटतं, आणि आईच्या तोंडात कोरडी जागा शोधणं म्हणजे विहिरीत काडेपेटी पेटवणं. दोनदा भरलं, दोनदा निघालं. दुसऱ्यांदा तर ते आईने भातातला खडा समजून ताटाच्या कडेला काढून ठेवलं.

“मावशी, इथे चांदीच हवी,” धाकट्या डॉक्टर दार लोटून घेत म्हणाल्या. “ओलावा थोडाफार चालवून घेते ती, घट्ट दाबून बसवता येते आणि मागच्या दाढेवरचा दाब सोसते. कपाटात काही उरलंय का?”

“दोन कुप्या आहेत. काचेवर पारामुक्त लिहिलं त्या वेळी सगळा माल परत करताना मागे राहिल्या. मुदत आहे अजून सहा महिन्यांची.”

“बास झाल्या. खड्डा मोठा आहे, दोन्ही लागतील.”

“पण डॉक्टर, पारा... आईला काही होणार नाही ना?” अठरा वर्षं मावशी दुसऱ्यांच्या आयांना ‘काही होत नाही हो’ म्हणत आल्या होत्या. स्वतःच्या आईसाठी त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

“अर्धा पारा असतो, खरंय. उरलेलं चांदी, कथील आणि तांबं. यंत्रात हलवलं की सगळं एकमेकांत जखडतं. भरताना आणि काढताना थोडी वाफ सुटते, नंतर चावताना अगदी नखभर. लहान मुलं, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या, मूत्रपिंडाचा आजार, धातूची ॲलर्जी, यांना भरत नाही आपण. आईंना यातलं काही आहे का?”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी गरोदर नाही ती.”

“मग झालं तर. उद्या दहाला घेऊन या. आणि मावशी, मोठ्या सरांना विचारू नका. घालून टाकू.”

आता इथे मावशींनी जी चूक केली ती फक्त मावशींच करू शकल्या असत्या. अठरा वर्षांत त्यांनी कापसाचा बोळासुद्धा न विचारता घरी नेला नव्हता. आईसाठी कपाट उघडायचं आणि सरांना सांगायचं नाही, हे त्यांच्या पोटात राहीना. रात्र कशीबशी काढली असती तर बरं झालं असतं, पण त्या संध्याकाळीच सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

सर तेव्हा भाषणाचे कागद चाळत होते. दोन दिवसांनी सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, ‘तोंडातला शत्रू: पारा’. मावशींनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, सर कडाडतील.

सरांनी कागद बाजूला ठेवले. जीभ गालात घालून डावीकडे काहीतरी चाचपलं.

“कुप्या खरंच आहेत? मी समजत होतो सगळ्या गेल्या.”

“दोन आहेत सर.”

“मुदतीतल्या?”

“सहा महिने आहेत.”

“बरं केलंत सांगितलंत ते. तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत हो.” सर चक्क उठले आणि मावशींच्या पाठीवर थाप मारली. “उद्या काढून ठेवा. यंत्रही पुसून ठेवा.”

मावशी घरी गेल्या त्या तरंगतच. आईला म्हणाल्या, “सर वाघ आहेत गं, पण मनाने लोणी.”

“वाघाचं लोणी कुणी खाल्लंय?” आई म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाला दहा मिनिटं असताना मावशी आईला घेऊन आल्या, तर खुर्ची रिकामी नव्हती. खुर्चीत मोठे सर होते. गळ्याला निळा कागद, नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळ्यांवर बंद चष्मा. दीड वर्ष बिघडलेला मोठा पाइप सकाळी आठला माणूस येऊन दुरुस्त करून गेला होता आणि आता हत्तीसारखा श्वास घेत होता. धाकट्या डॉक्टरांचा चेहरा उतरलेला.

“यांच्या डाव्या दाढेतली जुनी भरणी,” त्या मावशींकडे न बघता म्हणाल्या. “चांदीची. एकतीस वर्षांची. दाढेचा कोपरा हिरडीखाली तुटलाय.”

“सरांना चांदी?” मावशींच्या तोंडून निघालं.

“का? मी कधी सांगितलं नाही, एवढंच,” सर म्हणाले. “रक्त येतंय तिथून. पांढरं टिकायचं नाही. उद्या व्याख्यान आहे, मी तिथे गालाला हात लावून बोलू?”

“मावशींच्या आईंची वेळ आहे ही. कुप्या त्यांच्यासाठी काढल्यात.”

“दवाखाना कुणाचा, कपाट कुणाचं? त्यांना पांढरं भर.”

“दोनदा निघालंय ते!”

“तिसऱ्यांदा राहील. तू नीट भरलं नसशील.” आणि मावशींकडे वळून अगदी मऊ आवाजात, “काय मावशी? आईंना विचारा ना. त्यांची हरकत असेल तर मी उठतो.”

चौऱ्याहत्तर वर्षांची, पोरीची नोकरी जिथे आहे त्या दारात थरथरत उभी असलेली बाई काय म्हणणार, हे सरांना त्यांच्या शास्त्रापेक्षा जास्त चांगलं कळत होतं.

“डॉक्टरांचं आधी करा बाई,” आई म्हणाली. “ते दुखण्यात आहेत.”

“बघा!” सर म्हणाले. “थोर आहेत माउली.” आणि तोंड उघडलं.

जुनी भरणी मोठे तुकडे करून, भरपूर पाण्यात, पाइप अगदी जवळ धरून काढली गेली. पाणी चष्म्यावर उडत होतं, सरांनी हूं की चूं केलं नाही. तुकडे बंद झाकणाच्या बाटलीत गेले. दाढेभोवती पत्र्याची पट्टी आवळली. मग धाकट्या डॉक्टरांनी हात पुढे केला.

मावशींनी पहिली कुपी दाबली, यंत्रात लावली. खडखड झाली, आठ सेकंद. भुकटी आणि पारा एक होऊन चकाकता, लोण्यासारखा मऊ गोळा झाला. दुसरी कुपी हातात घेतल्यावर त्यांचा अंगठा क्षणभर थांबला.

“मावशी, घट्ट होतंय हं पहिलं,” खुर्चीतून आवाज आला. तोंड उघडं ठेवूनही सरांना हुकूम देता येत असे.

मावशींनी कुपी दाबली. आठ सेकंद. धाकट्या डॉक्टरांनी थोडंथोडं भरत, दाबत, शेवटी दाढेचे चढउतार कोरले. दाबताना चांदी बारीक करकरत होती. काम सुरेख झालं. पुढची तीस वर्षं टिकावं असं.

“उद्यापर्यंत या बाजूने चावू नका,” सून म्हणाली.

“मला शिकवतेस?” सासरा म्हणाला.

मग आईला बसवलं. पांढरं भरलं. पाऊण तास दोघींनी तिची जीभ आवरली, कापूस बदलला, निळा दिवा धरला. अकराव्या दिवशी ते निघालं. त्याच्याखाली कीड दाढेच्या नसेपर्यंत जाऊन बसली होती. आईने तीन रात्री उशाशी मुठी आवळल्या, आणि चौथ्या दिवशी दाढ काढायची ठरली.

सरांनी ती स्वतः काढली, फुकट. व्याख्यान गाजलं होतं, त्यांचा मूड चांगला होता. दाढ तीन तुकड्यांत आली. कवळी आता कशाला अडकवायची हा प्रश्न आईने विचारला नाही. तिने कवळी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

बाहेर सहा पेशंट बसले होते. त्यातल्या चौघांच्या भरण्या काढायच्या होत्या. सर आईचा हात धरून तिला दारापर्यंत सोडायला आले आणि तिथेच थांबले.

“बघा मंडळी,” ते म्हणाले. “गेली दाढ. एकेकाळी लोक तोंडात काय काय भरून घेत, त्याची ही फळं.”

आईच्या त्या दाढेत पाऱ्याचा थेंबही कधी गेला नव्हता. धाकट्या डॉक्टर आत हात धूत होत्या. नळ एकदम मोठा झाला.

“होय ना, मावशी?” सरांनी हसून विचारलं. हसताना डाव्या बाजूला अगदी मागे काहीतरी चमकलं.

सहा चेहरे मावशींकडे वळले. आईने बोळा चावत लेकीकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं, पण तिची मान हलली. ती मान नेहमीच हलायची, त्यामुळे ‘हो म्हण’ की ‘नको म्हणूस’ ते मावशींना कळलं नाही.

“होय सर,” मावशी म्हणाल्या, आणि कागदी मास्क नाकावर ओढून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.