न गळणारे बूट

बूट शिवणारा म्हातारा एकच गोष्ट छातीठोकपणे सांगायचा: आपला बूट गळत नाही. बाकी सगळ्या बाबतीत तो बायकोचं ऐके. त्याची लेक ओढ्याच्या वाटेवर लोकांना डोंगर फिरवून आणायची. दुकानाच्या दर्शनी फळीवर पट्ट्यांच्या सँडलही ठेवू या, असं ती म्हणाली तेव्हा त्याचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं.

"बोटं उघडी टाकणाऱ्या वस्तूला मी पादत्राण म्हणत नाही."

"मग मी पुलापलीकडच्या दुकानात जाते, बाबा. ते कधीचे बोलावतायत. तिथं सँडल आहेत, आणि ऐकून घेणारा मालकही आहे."

इथंच घोडं पेंड खात होतं. समोरच्या स्टुलावर लेक नसेल तर दिवसभर कुरकुर करायची कुणापाशी? पण माघार घेईल तो कसला!

"रविवारी तुझ्या वाटेने येतो. माझेच बूट घालून. पाय कोरडे राहिले, तर सँडलचं नाव काढायचं नाही आणि कुठं जायचंही नाही."

"आणि भिजले तर?"

"भिजतातच कसे, बघतो!"

मग त्याने आपल्या बुटांना शिलाईच्या टाक्याटाक्यांत मेण जिरवलं. नाडीखालची चामड्याची जीभही दोन्ही बाजूंनी पार वरपर्यंत शिवून टाकली. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही.

रविवारी पहिल्या ओढ्याला घोट्याखालीच पाणी होतं. म्हातारा रुबाबात पलीकडे गेला, मोजा चाचपला आणि मिशीतल्या मिशीत हसला. लेकीच्या सँडलमधल्या पायांवरून पाणी आलं तसं निघून गेलं.

दुसऱ्या ठिकाणी पाणी गुडघ्याला होतं. लेकीने सॅकचा कमरेचा पट्टा सोडला, म्हाताऱ्यालाही सोडायला लावला. पाय घसरलाच तर ओझं अंगावेगळं करता यायला हवं. "प्रवाहाकडे तोंड करा. काठी रोवा. पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या." त्याने तसंच केलं. मध्यावर बुटांच्या वरच्या काठावरून गार पाणी आत उतरलं आणि तिथंच मुक्काम ठोकून बसलं. एकेक पाय भरल्या बादलीएवढा जड झाला.

काठावर बसून त्याने बूट उलटे केले. भळभळ पाणी सांडलं.

"गळत नाहीत हं," लेक म्हणाली. "आतलंसुद्धा बाहेर गळत नाही."

त्याने मोजे पिळले आणि तेच पुन्हा चढवले. तिसऱ्या पाण्याला हट्टाने बूट गळ्यात अडकवून तो अनवाणी उतरला. शेवाळी दगडावर पाय सटकला, खडा तळव्यात रुतला. लेकीने दंड धरला नसता तर बसलाच होता पाण्यात. पलीकडे पुन्हा ओले बूट. थोड्याच वेळात टाच जळायला लागली. मोजा काढला तर टपोरा फोड.

पाय भिजले होते. लेक जाणार होती. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

लेकीने फोडावर पट्टी चिकटवली आणि सॅकमधून नव्या सँडल काढल्या. पुढे बोटांना ठेच लागू नये म्हणून रबराची वाटी, मागे टाच धरणारा पट्टा. माप अगदी त्याचं. सकाळपासून ती हे ओझं वाहत होती. तिने पट्टे आवळले, टाचेचा मात्र फोडाच्या वरून सैलसर घेतला.

पुढच्या पाण्यात तो बेधडक उतरला. सोलने दगड पकडला, पाणी पट्ट्यांतून आरपार गेलं. वाळूचा कण टोचला, तर पाय नुसता पाण्यात हलवला की झालं. पाय ओलेच होते, पण हलके होते. म्हाताऱ्याला मनापासून मजा वाटली, आणि वाटली याचा रागही आला.

शेवटचं पाणी ओलांडल्यावर घसरत्या दगडगोट्यांचा आणि काटेरी झुडपांचा चढ समोर उभा राहिला. लेक खाली बसली. पाय नीट पुसले, सॅकमधून बुटांचा जोड काढला. त्यानेच शिवलेला, तिचा पहिला जोड. किती वेळा तळ बदललेला.

"इथं सँडल चालत नाही, बाबा. घोटा मुरगळतो, काटा घुसतो. इथं तुमचा बूटच हवा." तिने हात आत घालून दाखवला. "कोरडा ठणठणीत."

म्हातारा त्या बुटाकडे बघतच राहिला. मग खाली वाकून स्वतःच्या पायातली सँडल काढून उलटसुलट बघू लागला.

"टाचेच्या पट्ट्याला एकेरी शिलाई आहे. दोन मोसमांत उसवेल. दुहेरी हवी."

"मग त्या दुकानाला काय कळवू?"

"कळवायचंय काय त्यात? उद्या सकाळी स्टुलावर ये. तुझ्या पायाचं माप घ्यायचंय, सँडलसाठी." आणि आपले ओले बूट चढवून, फोड आलेली टाच सांभाळत तो चढाला लागला. "फळीची उजवी बाजू मात्र बुटांचीच राहील, सांगून ठेवतो!"