पुन्हा एकदा परवानगी

शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता क्रिस्टीनाच्या मोबाईलवर मेल आला. ‘अभिनंदन, क्रिस्टीना! आठवा महिना लागला. तुमचं बाळ आता आवाज ओळखू लागलंय.’ खाली गुलाबी रंगात एक चित्र होतं. तिने मेल पूर्ण वाचला, मोबाईल उलटा ठेवला आणि मेथीची भाजी खाल्ली. चव लागली नाही, पण तशी ती बरेच दिवस कशालाच लागत नव्हती.

मूल सहाव्या महिन्यातच गेलं होतं. मुलगी होती. नगरच्या हॉस्पिटलमधून भिंगारच्या घरी आल्यावर क्रिस्टीनाने सगळ्यात आधी मोबाईलवरून ते गरोदरपणाचं ॲप काढून टाकलं होतं. पाळण्याचं सामान सासूबाईंनी कुणाकडे तरी पाठवलं. पुढे त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. क्रिस्टीनाही नाही. ती वेळेवर उठायची, दुसरीच्या मुलांना बेरजा शिकवायची, घरी येऊन वह्या तपासायची.

संध्याकाळी तिने मेल नवऱ्याला दाखवला. सॅमसन कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात क्लार्क होता. तो चटकन म्हणाला, “ॲप काढून काय होतंय? तू फेसबुकने लॉगिन केलं होतंस ना? तिथून तोडायला पाहिजे. दे इकडे.”

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये त्याने ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ उघडलं. तिने आजवर कुठेकुठे फेसबुकच्या खात्याने प्रवेश केला होता, ती नावं एकाखाली एक आली. गाण्यांचं ॲप, शाळेच्या प्रश्नमंजुषेची वेबसाइट, म्हातारपणी चेहरा कसा दिसेल ते दाखवणारा एक खेळ. आणि ते. सॅमसनने त्यावर बोट ठेवलं, ‘काढून टाका’ दाबलं. मध्ये बारीक अक्षरांत काहीतरी आलं. ते न वाचताच त्याने पुन्हा ‘काढून टाका’ दाबलं.

“झालं,” तो म्हणाला. “आता काही येणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना तिचा मोबाईल वाजला. तो उचलला सासूबाईंनी, मिरजगावच्या मरियाबाईंनी. गावचं शेत सोडून त्या या घरात राहायला आलेल्या, फोन वाजत ठेवणं त्यांना जमत नसे. क्रिस्टीना केस पुसत बाहेर आली तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, मोबाईल कानापासून लांब धरलेला. पलीकडून एका मुलीचा उत्साही आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “आजी, सूनबाईंची डिलिव्हरी जवळ आलीय, आमच्याकडे बाळाच्या सामानावर फार चांगली ऑफर आहे...”

क्रिस्टीनाने मोबाईल घेतला. “माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?”

“मॅडम, तुम्हीच ॲपवर माहिती भरली होती. तारीखही तुम्हीच दिलीये.”

“हो,” क्रिस्टीना म्हणाली आणि फोन ठेवला.

मरियाबाई खाली बसल्या. “मला म्हनली, आजी व्हनार तुमी, अभिनंदन. मी काय बोलू गं तिला? मला काय बोलताच आलं न्हाई.” त्यांनी पदर तोंडावर घेतला. सासूला रडताना क्रिस्टीना पहिल्यांदा पाहत होती. आपण त्यांच्याजवळ बसायला हवं, एवढं तिला कळलं. ती बसली. हात मात्र मांडीवरच राहिला.

रविवारी चर्चहून आल्यावर सॅमसन त्या कंपनीला शिव्या घालत होता. “मी काढलं होतं! तू बघितलंस ना?”

“तू दार बंद केलंस,” ती म्हणाली. “आत जे होतं ते त्यांच्याकडेच आहे. काढताना लिहून येतं तसं. मी काल फेसबुकच्या मदतीच्या पानावर वाचलं.”

“मग आता?”

“पुन्हा आत जायचं. खातं तिथून मिटवायचं.”

“म्हणजे पुन्हा परवानगी द्यायची त्यांना?”

“माझा वेगळा पासवर्ड नाहीच ना तिथे. फेसबुकनेच उघडतं ते.”

तिने ब्राउझरमध्ये त्यांची वेबसाइट उघडली. निळं बटण दाबलं. तुमचं नाव, फोटो आणि ईमेल या साइटला मिळेल, पुढे जायचं का, असं फेसबुकने विचारलं. तिने ‘क्रिस्टीना म्हणून पुढे जा’ दाबलं. क्षणभर पांढरा पडदा, आणि सगळं जसंच्या तसं समोर आलं. वर तिचा फोटो, खाली बाळाचं गोल चित्र, आणि आठवड्यांचा आकडा. तिच्यावाचून तो पुढे सरकत राहिला होता.

सॅमसनने तोंड फिरवलं. “लवकर कर. खातं डिलीट कुठे आहे?”

“थांब.” सेटिंग्जमध्ये खाली एक ओळ होती : ‘माझं गरोदरपण संपलं आहे.’ “आधी हे.”

“कशाला? सगळंच पुसायचंय ना?”

“मला सांगायचंय त्यांना.”

तिने ती ओळ दाबली. तारीख मागितली. ती थांबली. हॉस्पिटलमधले दिवस तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते. सलाईन, पडदा, नर्सचा हात.

“सॅमसन, कुठली तारीख?”

त्याने तारीख सांगितली. मग थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, म्हणाला, “दुपार होती. तू झोपेत होतीस, इंजेक्शन दिलं होतं. चर्चचे पाळकसाहेब आले. मी आणि ऑफिसातला रविराज, दोघांनीच नेली तिला. टॉवेलमध्ये. पिवळा होता, तू आणलेला.” त्याचा आवाज सपाट होता. “सगळे म्हणाले, क्रिस्टीनाला सांगू नका कुठे पुरलं ते. मी नाही सांगितलं.”

“कुठे?”

“माझ्या आजीच्या शेजारी. भिंतीकडे.”

क्रिस्टीनाने तारीख भरली. पडद्यावर आलं, ‘तुमच्या नुकसानाबद्दल आम्हाला दुःख आहे. यापुढे बाळाविषयीचे संदेश तुम्हाला पाठवले जाणार नाहीत.’ चित्र नाहीसं झालं. मग तिने खातं आणि सगळी माहिती मिटवण्याची विनंती केली. मेलवर आलेल्या दुव्यावर जाऊन ती पक्की केली. माहिती पूर्ण मिटायला काही दिवस लागतील, असं त्यांनी कळवलं. दुसऱ्या कंपन्यांना आधीच दिलेल्या नंबरचं काय, याचा तिथे उल्लेख नव्हता. काल फोन केलेल्या मुलीच्या नंबरवर तिने वेगळा मेसेज टाकला : माझं मूल गेलं आहे, हा नंबर तुमच्याकडून काढा.

शेवटी ती फेसबुकवर परतली. ते ॲप पुन्हा चालू असलेल्यांत येऊन बसलं होतं. या वेळी बारीक अक्षरं वाचून तिने ते काढलं. चेहऱ्याचा तो खेळही काढला. प्रश्नमंजुषा शाळेत लागते, म्हणून राहू दिली.

“जायचं का तिकडे?” सॅमसनने विचारलं.

“आज नको.”

मंगळवारी शाळा सुटल्यावर तो गाडी घेऊन फाटकाशी उभा होता. दोघं कबरस्तानात गेली. आजीच्या दगडाशेजारी, भिंतीकडे, माती थोडी खचलेली होती. दगड नव्हता, नाव नव्हतं. नाव ठरलंच नव्हतं. कोणीतरी दोन विटा उभ्या लावल्या होत्या. रविराजने लावल्या असतील, सॅमसन म्हणाला.

क्रिस्टीनाला वाटलं होतं, इथे आलं की रडू फुटेल. फुटलं नाही. तिने वाकून मातीवरची सुकलेली पानं उचलली आणि कुठे टाकावी ते न कळून हातातच धरून ठेवली.

“निघायचं?” सॅमसनने विचारलं.

“अजून थोडं थांबू,” ती म्हणाली.