एका खोक्यातले दोन रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे, निळ्या चौकड्यांचा. एका खोक्यात आम्ही तीन सख्खे भाऊ होतो. घरातल्या आईने ते खोके थोरल्यासाठी आणले. थोरला म्हणजे तिचा मुलगा, क्लबच्या संघाचा सलामीचा फलंदाज.

पहिल्या मोसमात एकदा घाम पुसून त्याने मला सहज डाव्या खिशात कोंबले. अकरा धावांवर त्याचा झेल सुटला, पुढे त्याने त्र्याऐंशी केल्या. झेल सोडणाऱ्याचे आभार कोणी मानले नाहीत, माझी मात्र चांदी झाली. तेव्हापासून प्रत्येक चेंडूआधी तो मला दोनदा चाचपायचा. त्याचा श्वास संथ व्हायचा आणि नजर चेंडूवर ठरायची. माझी करामत एवढीच, मित्रांनो. क्षेत्ररक्षण करताना तो मला किटबॅगेत टाकायचा, कारण सोपा झेल बहुतेक वेळा हातात येतोच. फलंदाजाचा खेळ एका चुकीत संपतो. जिथे आपल्या हातात काही नसते, तिथेच माणसे काहीतरी घट्ट धरतात.

एकोणीस डावांत माझ्यासोबत त्याची चार अर्धशतके झाली. ती चार त्याला पाठ होती. उरलेल्या पंधरांना सबबी होत्या: मी उजव्या खिशात गेलो होतो, कोणीतरी मला इस्त्री केली होती. अशा हिशेबात मी कधीच हरू शकत नव्हतो, आणि खरे सांगतो, मला ते आवडायचे.

धाकटी त्याची बहीण. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तिने मला मागून नेले आणि तिला चांगले गुण पडले. वर्षभर ती अभ्यास करत होती, पण श्रेय मला. पुढे नर्सिंगची प्रवेश परीक्षा आली. दोन दिवस, दोन पेपर. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. पहिल्या पेपरच्या दिवशीच थोरल्याचा निवडीचा सामना होता.

"दादा, रुमाल मला दे ना."

"घे की. माझ्यापेक्षा तुझी परीक्षा मोठी," थोरला म्हणाला.

त्याने तिला दिला तो माझा भाऊ. तो माझ्यासारखा जुना दिसावा म्हणून आदल्या दिवशी थोरल्याने त्याला दगडावर घासले, कडा कुरतडल्या, चहाचा डाग पाडला. मी त्याच्याच खिशात राहिलो. दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला.

संध्याकाळी धाकटी हसत घरी आली. "प्रश्न अडला की रुमाल मुठीत धरायचे. सगळं आठवत गेलं."

थोरला जेवला नाही. खऱ्या रुमालाने त्याला शून्य दिले आणि खोट्याने तिचा पेपर सोपा केला, हे त्याला पचेना. खोटा रुमाल चालला, कारण तिला तो खोटा आहे हे ठाऊक नव्हते, एवढे साधे उत्तर त्याच्या डोक्यात शिरलेच नाही. आपले नशीब बहिणीने पळवले, असे मात्र शिरले.

सकाळी ती चपला घालत होती. त्याने मला तिच्यासमोर धरले.

"खरा हा आहे. तुझा मी चहात बुडवलाय."

"मस्करी करतोयस?"

"डावीकडची शिवण बघ, खऱ्याची उसवलीय."

तिने पाहिले. मग मलाही ओढून घेतले आणि निघाली. आई आतून म्हणाली, "काय रे, आत्ताच सांगायला हवं होतं का?"

परीक्षेच्या खोलीत मी तिच्या एका मुठीत आणि भाऊ दुसऱ्या मुठीत. कालचा पेपर खोट्याने सोडवला, मग खरा कोणता? की दोघेही चिंध्या? तिने पहिला प्रश्न चार वेळा वाचला. तिला तो येत होता, घरी तिने तो डोळे झाकून सोडवला होता. पण लक्ष सगळे माझ्यावर. मी ओलाचिंब झालो आणि कागद कोरा राहिला. पाऊण तासाने तिने लिहायला घेतले. मग वेळ पुरला नाही.

तीन गुणांनी तिचा प्रवेश हुकला. आज ती त्याच रुग्णालयात चादरी मोजते, जिथे तिला परिचारिका व्हायचे होते. थोरला आता आधी डावा पॅड बांधतो. त्याने गेल्या महिन्यात पन्नास केल्या, म्हणून पॅडची आरती चालू आहे.

मित्रांनो, माझ्यात काही नाही. दोन वीत कापूस आहे. खिशात काहीही ठेवा, सोबत अभ्यासही ठेवा. पण परीक्षेला निघालेल्या माणसाच्या मुठीत जे असेल, ते खोटे आहे हे त्याला उंबऱ्यावर सांगू नका. थोरला त्या सकाळी खरेच बोलला होता. आयुष्यात बहिणीशी तो एवढा खरा कधीच वागला नव्हता.