चष्म्यावरचे चरे

रफूवालीने त्या सकाळी नवऱ्याला सांगून टाकलं, "अहो, आजपासून नवं काम घेऊ नका. माझे डोळे गेले." तीस वर्षं तिने लोकांच्या भारी कोटांची भोकं दिसेनाशी केली होती. आता सुईपुढे नुसतं धुकं. नवरा त्याच दुकानात इस्त्री करायचा. त्याने इस्त्री बंद केली आणि तिला सरळ चष्मेवाल्याकडे आणलं.

चष्मेवाल्याने तपासणीची फ्रेम तिच्या नाकावर चढवली, एकेक काच घातली, काढली. शेवटी जवळचं वाचायचा तक्ता हातात दिला. तिने सगळ्यात बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"ताई, नंबर तोच आहे," तो म्हणाला. "डोळ्यांना काही झालेलं नाही."

मग त्याने तिचा चष्मा दिव्याखाली तिरका धरला. काचेवर असंख्य बारीक रेघा चमकल्या. ती बघतच राहिली. हा चष्मा घेतल्यापासून आठ महिने ती या जंगलातून बघत होती!

"कशाने पुसता?"

"मांडीवर जे कापड असेल त्याने." त्या कापडावर खडू, धूळ, धाग्यांचा भुगा. तिलाच मनातून ओशाळल्यासारखं झालं.

"आणि काचेवर हे ढग कसले?"

"टूथपेस्ट," नवऱ्याने चुगली केली. "चरे जातील म्हणून घासत बसली होती."

"चरे जात नाहीत. वरचं कोटिंग तेवढं निघतं, काच कुठे कमी कुठे जास्त घासली जाते आणि अजून धूसर दिसतं. कडेला एखादा चरा असता तर चाललं असतं. हे अगदी बुबुळासमोर आहेत, काचाच बदलाव्या लागतील. फ्रेम चांगली आहे, ती राहू द्या."

"वर्षाची वॉरंटी आहे ना?" नवऱ्याने कार्ड पुढे केलं.

"कोटिंग आपोआप सोललं, किंवा नीट वापरूनही चरे पडले, तर कंपन्या बहुधा एकदा बदलून देतात. घासलेली काच त्यात बसत नाही. पाठवून बघतो, पण आशा धरू नका."

तिचं वॉरंटीकडे लक्षच नव्हतं. तपासणीची फ्रेम अजून नाकावरच होती आणि ती आपल्या बोटांकडे बघत होती. सुईने टोचलेला एकेक ठिपका दिसत होता. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

मग एकदम तिला आठवलं. या आठ महिन्यांत धुक्यातून, नुसत्या बोटांच्या अंदाजाने केलेली कामं! केवढी घाण करून ठेवली असेल.

"अहो, तुमच्या कोटाची बाही दाखवा. मागच्या महिन्यात कोपरावर रफू केलं होतं ना?"

नवऱ्याने कोपर पुढे केलं. ती नाक टेकेल इतकी वाकली. उभे धागे बघितले, आडवे बघितले, बाही उजेडाकडे फिरवली.

"ही नाही, दुसरी बाही," ती म्हणाली.

"हीच आहे गं," नवरा हळूच म्हणाला आणि त्याने जागेवर बोट ठेवलं. बोट उचलल्यावर तिला ती जागा पुन्हा सापडली नाही.